फळ्यावरचा फॅट

शेळगावच्या पलीकडे आमची वस्ती. घराच्या पडवीतच आमचं दूध संकलन केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय, तर एक वजनकाटा, दुधातला स्निग्धांश मोजणारं एक फॅट मशीन, दुधाचे चार कॅन आणि भिंतीवर एक काळा फळा. केंद्र सासऱ्यांचं. त्यांना सगळी वस्ती आबा म्हणते. मशीनवर मी बसायची, कारण माझा नवरा बारामतीच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचा आणि आबांना मशीनवरचे आकडे दिसत नसत. फळा मात्र आबांचा. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

त्या फळ्यावर रोज सकाळी ते मोठ्या अक्षरांत ‘आजचा फॅट’ लिहीत. केंद्रावर दूध घालणाऱ्या पाची घरांचे फॅट मिळवायचे, पाचानं भागायचं आणि येईल तो आकडा लिहायचा. पूर्वी प्रत्येक घरी एक-दोन जनावरं होती, दूधही सारखंच यायचं. तेव्हा हा आकडा खरा होता आणि वस्तीला त्याचा भारी तोरा होता. शेजारच्या वस्तीचा फॅट आमच्यापेक्षा कमी निघाला की आमची माणसं पारावर मुद्दाम तोच विषय काढत. लग्नाच्या बैठकीतसुद्धा मी तो आकडा ऐकलेला आहे. मुलीकडच्यांना शेतीच्या आधी फॅट सांगणारी माणसं ही!

पुढे त्या पाचांतल्याच एका घरच्या तात्यांनी संकरित गाईंचा मोठा गोठा बांधला. एकट्या त्यांचंच दूध शंभर लिटर येऊ लागलं. बाकीची घरं होती तिथंच राहिली. आबांचा भागाकारही होता तिथंच राहिला.

हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं, कारण दूध गेलं की गेलं. ज्याच्या-त्याच्या दुधाचा हिशेब ज्याच्या-त्याच्या फॅटवर होत असे, त्यात कधी खोट आली नाही. पण त्या उन्हाळ्यात, आमचं दूध जिथं जायचं त्या शीतकरण केंद्रानं नवी पद्धत सुरू केली. दूध उतरलं की आमच्या सगळ्या कॅनमधल्या दुधाचा मिळून फॅट किती लागला, याचा मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर येऊ लागला. फळ्यावर साडेचार आणि मोबाईलवर साडेतीन. रोज हेच. कधी दोन-तीन दशांश इकडे तिकडे, पण मधला पॉइंट काही भरून येत नव्हता.

एक पॉइंट फॅट कुठे जातो? वस्तीपासून शीतकरण केंद्रापर्यंत दुधाजवळ असायचा एकच माणूस, पिकअपवाले चाचा. आमच्या वस्तीचेच, दोन घरं सोडून राहणारे. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून आमचं दूध तेच नेत. रमजानच्या महिन्यात दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब न घेता त्यांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन उचलताना मी पाहिलं आहे. आधी कुजबुज झाली, की पाणी घालतो. पण पाणी घातलं असतं तर मेसेजमधला एसएनएफही, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातला बाकीचा घन अंश, घसरला असता आणि तो तर व्यवस्थित होता. मग म्हणू लागले, वाटेत गाडी थांबवतो, वर आलेली साय काढतो आणि बारामतीत मिठाईवाल्याला देतो. मिठाईवाला कोणता, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण एकदा संशय धरला की माणसाला मिठाईचा वाससुद्धा येऊ लागतो.

त्या दिवशी सकाळी कॅन गाडीत चढले आणि चाचांनी गाडी सुरू केली. तात्या पुढं झाले, खिडकीतून हात घालून त्यांनी चावी काढून घेतली.

“खाली उतर,” तात्या म्हणाले. “आज गाडी जायाची न्हाय.”

चाचांना आधी थट्टाच वाटली. ते हसले. मग तात्यांच्या मागं उभी राहिलेली माणसं त्यांनी पाहिली आणि हसू जागच्या जागी विझलं.

“तात्या, ऊन चढाय लागलंय. दूध नासंल.”

“नासू दे. रोज एक पॉइंट फॅट कुठं जातुया ते सांग, मग चावी घे.”

“मला काय ठावं? मी झाकणाला हात लावत न्हाय.”

“मग भुतं काढत्यात व्हय साय?”

कुणीतरी म्हणालं, पोलिसांत द्या. कुणी म्हणालं, पोलीस कशाला, हितंच बघू. चाचा स्टेअरिंग धरून तसेच बसले होते. मी आबांकडं पाहिलं. वाटलं, आता हे बोलतील. आबांचा शब्द वस्तीत खाली पडत नाही. आबा फळ्याशी उभे होते, हातात खडू, आणि नजर जमिनीकडं. मला त्यांचा भयंकर राग आला. मी मुळात तापट आहे, माहेरी मला सगळे लवंगी मिरची म्हणत. पण सुनेनं चारचौघांत सासऱ्याला काय बोलायचं?

मी गाडीतल्या कॅनकडं बघत राहिले. तीन कॅन काठोकाठ आणि चौथा अर्धा. ते मीच भरून घेतले होते. पहिले दोन नुसत्या तात्यांच्या दुधाचे. तिसऱ्यातही अर्धं तात्यांचंच, उरलेलं माळावर राहणाऱ्या दोघा भावांचं. बाकी दोन घरं आणि एकट्या राहणाऱ्या आजींची म्हैस मिळून तो चौथा अर्धा कॅन. आजींच्या म्हशीचा फॅट सहा पॉइंट आठ, पण दूध चारच लिटर. आणि फळ्यावर? फळ्यावर त्या चार लिटरच्या किटलीला शंभर लिटरच्या गोठ्याइतकंच एक मत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला ते ठीक आहे. दुधाला कसं चालेल?

“फळाच चुकलाय,” मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला.

सगळे वळले. आबांनी पहिल्यांदा मान वर केली.

“तात्या, तुमचं दूध शंभर लिटर, फॅट तीन पॉइंट दोन. म्हणजे त्यात फॅट किती? तीन किलो दोनशे ग्रॅम. धरा मनात.” मी बोटांवर मोजत गेले. “माळावरचं वीस लिटर, तीन पॉइंट आठ. सातशे साठ ग्रॅम. दहा लिटर चारचं, चारशे ग्रॅम. सहा लिटर साडेचारचं, दोनशे सत्तर. आजींचं चार लिटर, दोनशे बहात्तर. सगळं मिळवा. पाच किलोलाबी कमी भरतंय. दूध एकशे चाळीस लिटर. भागा आता. साडेतीन येतंय, साडेतीन! फळ्यावरचं साडेचार खरं असायचं तर याच कॅनांत सव्वासहा किलोच्या वर फॅट पायजे. तो आपण घातलाच न्हाय, तर चाचा काढत्याल कुठनं?”

मग तात्या म्हणाले, “आकडे काय, कसंबी फिरवता येत्यात. आबा इतकी वर्षं लिहित्यात, ते खोटं व्हय?”

हाच खरा पेच होता. माझा हिशेब खरा म्हणजे आबा खोटे. माणसं पुन्हा आबांकडं बघू लागली. चाचाही बघत होते. ऊन आता गाडीच्या टपावर आलं होतं.

“मशीन लावा,” आबा म्हणाले. आवाज बारीक निघाला. “गाडी हलली न्हाय, चावी तुमच्या हातात हाय. कॅनातलं दूध काढा आन् हितंच लावा.”

झाकणं उघडली. वर आलेली साय सारखी मिसळावी म्हणून मी दांड्यानं प्रत्येक कॅन तळापासून ढवळला. तात्यांनी पाव लिटरचं माप स्वतःच्या हातात घेतलं. माझ्यावर विश्वास नव्हता, आणि मला ते बरंच वाटलं. पहिल्या कॅनमधून एक माप बादलीत, दुसऱ्यातून एक, तिसऱ्यातून एक. चौथ्यातूनही त्यांनी माप भरून घेतलं आणि बादलीवर धरलं.

“थांबा!” मी ओरडले. त्यांचा हात तसाच थांबला. “तो कॅन अर्धा हाय. माप अर्धंच घाला.”

“का? चार कॅन, चार मापं.”

“पाच घरं, पाच फॅट, तसंच व्हय? तात्या, त्याच चुकीपायी हा माणूस तासभर चोर होऊन बसलाय. त्या कॅनात चांगल्या फॅटचं दूध हाय. पुरं माप घातलं तर आकडा वर जाईल आन् तुमी म्हणशिला, बघा, साय काढतोयच.”

तात्या माझ्याकडं बघत राहिले. ते माप त्यांनी बादलीत ओतलं असतं तर मी काहीच करू शकले नसते, हे मला त्या क्षणी कळत होतं. मग त्यांनी अर्धं माप कॅनमध्ये परत सोडलं आणि उरलेलं बादलीत घातलं.

बादली ढवळून मी नमुना मशीनला लावला. मशीन घरघरत राहिलं. एरवी किती वेळ लागतो याकडं माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. त्या दिवशी मी सेकंद मोजत होते. आकडा आला. मी वाचला नाही. तात्यांना म्हटलं, तुम्हीच वाचा.

“तीन पॉइंट पाच,” ते म्हणाले.

माणसं एकेक करून पांगली. कुणाला वैरण आठवली, कुणाला मोटर. तात्यांनी चावी चाचांच्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली आणि म्हणाले, “गैरसमज झाला.” ते गेल्यावर चाचा खाली उतरले. त्यांनी चारी झाकणं स्वतः घट्ट बसवली, एकेक हलवून पाहिलं.

आबा त्यांच्याजवळ गेले. “माझा भागाकार चुकला रं,” ते म्हणाले.

“भागाकाराचं काय न्हाय आबा,” चाचा म्हणाले. “तुमी गप उभं हुतासा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच काटा पुसू लागले. थोड्या वेळानं चाचांनी गाडीचं दुसरं दार उघडलं. “चला. दूध उतरंपतूर माझ्यासंगं बसा. डोळ्यानं बघा. मंजी उद्या कुनी काय इचारलं तर तुमाला सांगता यील.”

आबा धोतर सावरत वर चढले आणि गाडी गेली. दूध नासलं नव्हतं. तासाभरात मोबाईलवर मेसेज वाजला, पण मी तो उघडला नाही.

गाडी परतली तेव्हा चाचा एकटेच होते. रिकामे कॅन उतरवून ते न बोलता निघून गेले. आबा दुपारी आले, एसटी फाट्यावर सोडते तिथून भर उन्हात चालत. मी पाण्याचा तांब्या दिला. मला संतापच आला होता. म्हटलं, “म्हाताऱ्या माणसाला तिथंच सोडून आले व्हय चाचा?”

आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

“न्हाय गं. तो बसा म्हनला, दोनदा म्हनला. मलाच त्याच्या शेजारी बसवंना.”