कवडीचा घास आणि बिरूची भिंत

बजाजनगरात बिरू पेंटरला कुणी रंगाचं विचारलं की तो आधी भिंतीला तळहात लावायचा, वैद्यानं नाडी बघावी तसा. मग नाकही लावायचा. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "अहो, रंग सांगा ना!" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "पाणी कुठून येतंय ते आधी बघू. ओल्या भिंतीला रंग देणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पावडर लावणं."

अजिंठ्याकडच्या मेंढपाळाचं हे पोर. मेंढरं गेली, हातात ब्रश आला. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला वस्तीवर टँकर आठवड्यातून एकदा यायला लागला, तेव्हा त्यानं आईला, कस्तुराबाईला, आपल्या भाड्याच्या खोलीत आणलं. ती आली, पण एका अटीवर : कवडी शेळी बरोबर येणार. घरमालक बद्रीनाथ म्हणाले, "चार पायांचा भाडेकरू चालणार नाही." कस्तुराबाईनं त्यांच्या नातीला पेलाभर दूध दिलं आणि तो विषय तिथंच मिटला.

आईसाठी बिरूनं खोली रंगवायला काढली. बद्रीनाथ म्हणाले, "डिस्टेंपर मार. भाड्याच्या खोलीला तेवढं बास." पण डिस्टेंपरची पूड आईच्या लुगड्याला लागणार, हे काही बिरूच्या मनाला पटेना. लोकांच्या हॉलला इमल्शन, आन् आईला पावडर? त्यानं पदरचं इमल्शन आणलं. गुळगुळीत, ओल्या फडक्यानं पुसता येईल असं. कस्तुराबाईनं भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "लई मऊ झालीया, कोकराच्या कानावानी." बिरू तीन दिवस त्या वाक्यावर जगला.

दोन महिन्यांत तिच्या खाटेजवळच्या भिंतीला, खाली, फोड आले. टिचकी मारली की पापुद्रा सुटायचा आणि आतून पांढरा लोणा, विटांतला खार, गळायचा. कुबट वासानं कस्तुराबाईला खोकला लागला. एका सकाळी ती वाकळ घडी घालायला लागली.

"इथं भिंतीला घाम येतो बाबा. मी आन् कवडी जातो वस्तीवर."

"तिथं पाणी नाय, आई!"

"पर भिंत तरी कोरडी हाय."

बिरूची तारांबळ उडाली. "थांब, बाहेरच्या भिंतीचा वेदरप्रूफ रंग आणून आतून थापतो. दोन हातात बंदोबस्त!"

त्याची बायको शालू कंपनीच्या कॅन्टीनला निघाली होती. ती उंबऱ्यातच थबकली. "व्हय का? पाणी कुठून येतंय ते आधी बघू म्हणणारं पेंटर कुठं गेलं मग? का ते फक्त लोकांच्या घरी जातंय?"

बिरू उठला आणि खोलीच्या मागच्या बाजूला गेला. आजवर ह्या ओलीसाठी त्यानं बद्रीनाथांच्या नळाला शिव्या घातल्या होत्या. पण नळाला तर पाचव्या दिवशी पाणी. सगळी गल्ली करपलेली, आणि त्याच्या भिंतीला अगदी खेटून आईनं कवडीसाठी लावलेला लसूणघासाचा हातभर रुंद पट्टा डुलत होता. आंघोळीचं, भांड्यांचं, एकेक तांब्या पाणी साठवून कस्तुराबाई रोज तिथं ओतायची. रोज तो घास बघून बिरूच कौतुक करायचा! विटांनी ते पाणी खालून वर ओढलं होतं.

मागोमाग आलेल्या आईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. "म्या भिजवली व्हय तुझी भिंत?" ती खाली बसून घास उपटायलाच लागली.

"आगं, उपटू नको!" त्यानं तिचा हात धरला. रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या, बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि घास मुळासकट त्यात लावला, भिंतीपासून चांगली पाच पावलं लांब.

"मंग आता त्यो वेदरपूप मारतोस?"

"आत्ता नाय. तो बाहेरून, पाऊस झेलायला. पण आधी भिंत वाळू दे, खरवडू, भेगा बुजवू, प्रायमरचं अस्तर मारू, मग रंगाचे दोन हात. ओल्यावर मारला तर पाणी आतच कोंडतंय. आन् तो बाहेरचाच माल. खोलीत उग्र वास मारतो."

"आन् आतून?"

बिरूनं मान खाजवली. "डिस्टेंपर. मालकाचंच बरोबर होतं म्हण. इमल्शन रबरासारखं पाणी अडवून धरतंय आन् फुगतंय. डिस्टेंपरातून उरलीसुरली ओल निघून जाती. बाकी तिन्ही भिंती कोरड्या हायत, तिथं इमल्शन राहू दे. फक्त ह्या भिंतीला टेकू नको, लुगड्याला लागंल."

"लागू दे की. कवडीचं केस रोज झटकती मी, पूडबी झटकीन." ती उठली. "वाळायला किती दिस?"

पंधरा दिवसांचं ऊन बास, असं बिरूच्या ओठांवर आलं होतं. मग त्यानं भिंतीला तळहात लावला, नाक लावलं, बराच वेळ लावला.

"महिना... दीड म्हण. आन् ह्या बादल्यांवर कुणीतरी ध्यान ठेवाय पायजे."

कस्तुराबाईनं लेकाकडं बारीक डोळ्यांनी पाहिलं. चाळीस वर्षं मेंढरांचं वय दातांवरून ओळखणारी बाई. त्यानं दिवस वाढवून सांगितलेत, हे तिला का कळलं नसंल? ती आत गेली, घडी घातलेली वाकळ उलगडली आणि कोरड्या भिंतीकडं खाट ओढायला लागली.