अण्णांच्या सत्तरीचं गाणं

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि गाणं रचायचं काम दोन महिने आधीच माझ्याकडे आलं होतं. अडचण एवढीच होती की आता अण्णा तीन आठवडे माझ्याशी बोलत नव्हते. चिकपेटेतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे जाताना ते स्कूटरवरून पडले आणि मी चावी काढून लपवली. तेव्हापासून ते माझ्या मुलीला सांगत, "तुझ्या आईला म्हणावं, चहा."

ध्रुवपद सोपं ठेवलं. कानडी मुलखात वाढलेल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, दिरांना सूर धरता येत नाही.

अण्णा झाले सत्तर,
द्यावं कोणी उत्तर?

प्रत्येक ओळीनंतर दोन टाळ्या. तेवढ्यात श्वास घेता येतो आणि मागे पडलेले गाठतात. सगळं पाच सुरांत. तरी मुलगी म्हणाली, "आई, स्वल्प, थोडं खाली घे, काकाचा आवाज फाटतो." दोन पट्ट्या उतरले.

पहिलं कडवं बिनधोक होतं.

दार मोजती, भिंत मोजती, डोसासुद्धा मोजून खाती,
अर्धा इंच कमी भरता पट्टी घेऊन मागे लागती.

मोजण्याचा अण्णांना अभिमान आहे, त्यावर हसलेलं त्यांना चालतं. दुसरं कडवं स्कूटरचं. त्यात ते सिग्नल तोडतात आणि पोलीस हात जोडतो. पडण्याआधी लिहिलं होतं. आता ते म्हणणं म्हणजे जखमेवर बोट.

"गाळून टाक," नवरा म्हणाला.

"अण्णांच्या गाण्यात स्कूटर नाही? सगळ्यांना कळेल का गाळली ते."

"मग तू बघ."

बघितलं. हसू ज्याच्यावर यायचं तो माणूस बदलला.

स्कूटर आहे दारामध्ये, चावी गेली डब्यामध्ये,
सून म्हणते, 'चालत जा हो', स्वतः बसे रिक्षामध्ये.

वाढदिवसाला घरात पंचवीस माणसं. पहिल्या कडव्याला अण्णांनी मिशीतून हसल्यासारखं केलं. दुसरंही मी शेवटपर्यंत म्हटलं. मग ध्रुवपद यायला हवं होतं. कोणीच उचललं नाही. सगळे अण्णांकडे बघत होते. दोन टाळ्यांची जागा रिकामी गेली.

अण्णांनी चष्मा काढला. "चूक आहे," ते थेट मला म्हणाले. "डब्यामध्ये काय? कुठल्या डब्यात? तांदळाच्या. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग घेतली का नाही, अण्णा?"

"गुडघा वाकत नाही. किक कोण मारणार, तू?"

दीर एवढ्या मोठ्याने हसले की धाकटी नात दचकली. मी मनात ओळ मोजली. 'चावी गेली तांदळामध्ये' ठेक्यात नीट बसत होती, उलट आधीपेक्षा बरी.

"आता बरोबर म्हण," अण्णा म्हणाले. "आणि चावी तिथेच राहू दे."

मी कडवं पुन्हा सुरू केलं. या वेळी पहिली टाळी अण्णांची पडली, थोडी लवकरच.