विनताचं सव्विसावं आणि बाबाराव

आमच्या शेजारचे बाबाराव तोफांचे गाडे बनवणाऱ्या सरकारी गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले, पण शिस्त काही निवृत्त झाली नाही. पंचांग पाहिल्याशिवाय नवी झाडूसुद्धा घरात आणत नाहीत. पोरीचा वाढदिवस तिथीनंच करतात. विनता दसऱ्याची, म्हणून दरसाल दसऱ्याला पुरणपोळी, आणि एक पोळी माझ्याकडे.

विनता शहराच्या रिछाई औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची चित्रं काढते. बाबारावांच्या जुन्या सोबत्याचा मुलगा चिंतामणी इंग्लंडात छोटा कारखाना चालवतो. त्याला तिचं काम पसंत पडलं. नोकरी देतो म्हणाला. तिनं इथं राजीनामाही देऊन टाकला.

पगाराचं बोलणं मात्र मोठ्यांनी केलं, आपल्याकडे करतात तसं. चिंतामणीनं फोनवर बाबारावांना समजावलं होतं. बाहेरून माणूस बोलवायचा तर तिथल्या सरकारनं पगाराची खालची हद्द ठरवून दिली आहे. तिच्या खाली मालकाला देताच येत नाही, माणूस राजी असला तरी. सव्वीस पुरी व्हायच्या आतल्या पोरांसाठी ती हद्द कमी आहे, आणि त्याला तेवढंच झेपत होतं. "काका, व्हिसाच्या अर्जाचे पैसे भरतो त्या दिवशीचं वय धरतात. सव्वीस पुरी व्हायच्या आत भरा."

"अरे, दसऱ्यापर्यंत आहे वेळ," बाबाराव म्हणाले. पोरीला हे सांगितलंच नाही. तिला एवढंच ठाऊक की चिंतामणीनं पाठवलेला नोकरीचा कागद तीन महिने चालतो.

त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि सगळे सण पुढं सरकले. पितृपक्ष लागला. बँकेचं कार्ड बाबारावांच्या खिशात.

"बाबा, पैसे भरून टाकू ना."

"पितरांच्या दिवसांत नवं काम? घटस्थापनेला भरू. काहून घाई करून राहिली?"

घटस्थापनेच्या सकाळी मी हळदीकुंकू मागायला गेले, तर दोघं कॉम्प्युटरसमोर. एका रकान्यात अडलं म्हणून विनतानं चिंतामणीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्यानं सहज विचारलं, "तुझी जन्मतारीख काय गं?"

"अकरा ऑक्टोबर."

"आज पंधरा आहे." मग तो बाबारावांना म्हणाला, "काका, तुम्ही तर दसरा म्हणाला होता."

"दसराच! दसरा चोवीसला आहे. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला जन्मली ती, मीच पेढे वाटले."

"तेव्हाचा दसरा अकराला होता, काका. सरकार पासपोर्टची तारीख पाहतं, तिथी नाही."

आता हद्द मोठ्यांची लागणार होती. तेवढा पगार चिंतामणीच्या कारखान्यातल्या जुन्या माणसांनाही नव्हता.

"मग जुन्याच पगारावर घे ना बेटा," बाबाराव हात जोडून फोनशी बोलत होते. "घरची पोर आहे, कमीत राहील. राहणं-जेवण तुझ्याच घरी."

"जेवण-राहणं पगारात धरतच नाहीत. आणि कमी लिहिलं तर अर्ज फेटाळला जाईल."

"तर कागदावर पूर्ण लिही. दर महिन्याला वरचे परत करेल ती. कोणाला कळतंय?"

हे बाबाराव बोलत होते. असा माणूस, ज्यानं फॅक्टरीतला खिळा कधी घरी आणला नाही.

"काका, बाहेरून माणसं बोलवायचा माझा परवाना जाईल," चिंतामणी हळूच म्हणाला. "त्याच परवान्यावर तीन जण इथं राहतात."

विनतानं फोन ओढून घेतला. "दादा, माफ करा. हे मागणं माझं नाही." फोन ठेवला आणि वडिलांना म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी अकरा सांगितलं नसतं का?" मी कुंकू न घेताच परतले.

दुसऱ्या दिवशी ती रिछाईला गेली, राजीनामा मागं घ्यायला. जागा भरली नव्हती, परत घेतलं. मॅनेजर हसला म्हणे, "क्यों बेटा, लंदन बंद हो गया?"

गल्लीत बातमी वेगळीच पसरली, विनताला तिकडच्या सरकारनं नाकारलं अशी. संध्याकाळी माझ्या ओसरीवर चार बाया बसल्या होत्या. त्यांतल्या लतिकानं बाबारावांना अडवलं, "काय हो भाऊजी, विनताचं काय झालं?"

"इंग्रजांनी नाही म्हटलं," बाबाराव जमिनीकडे बघत बोलले. "त्यांचे नियम."

तेवढ्यात कामावरून विनता आली. सगळं ऐकलं होतं तिनं. मला वाटलं, आता ही बोलणार.

"हो काकू," ती म्हणाली, "नियम फार कडक आहेत." आणि आत गेली.

बाबाराव तसेच उभे. कान लाल झालेले. दार लागल्याचा आवाज आल्यावर म्हणाले, "नियम नाही. मीच थांबवलं. तिला सांगितलं पण नाही." ते आपल्या दाराशी गेले, पण कडी वाजवली नाही. अंधार पडेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिले.