मार्चची ओळ

सांगलीतल्या आमच्या शेंगदाणा चटणीच्या कारखान्यात जाहिरातींचं काम माझ्याकडे होतं, आणि एका निवृत्त सुभेदाराची बैठक मी जवळजवळ उठवली होती, हे आज लिहून टाकतो.

सुभेदार पाचगणीला गाड्यांच्या तळाजवळ आमच्या चटणीचं टेबल मांडून बसत. भाकरीच्या तुकड्यावर चटणी देत, अर्धा तास गप्पा मारत, आणि घेणाऱ्याचा मोबाईल नंबर वहीत टिपून घेत. महिन्याला त्यांची नवी गिऱ्हाइकं मोजकी. माझ्या मोबाईलवरच्या जाहिरातींतून त्याच्या कितीतरी पट यायची. मी मालकीणबाईंना म्हणालो, "टेबल बंद करू. जाहिराती वाढवू."

"आलेली माणसं परत येतात का, ते दाखवा. मग बंद करू," त्या म्हणाल्या.

तक्ता तयार करायला मला चार दिवस लागले. एकाच माणसाची सगळी खरेदी मोबाईल नंबरावरून एकत्र केली. ज्या महिन्यात त्याने पहिला डबा घेतला त्या महिन्याच्या ओळीत त्याला बसवलं, आणि पहिला डबा जिथून घेतला, टेबल की जाहिरात, त्याच खात्यात तो कायमचा. पुढे कुठूनही मागवो. ओळीत आधी नव्या माणसांची संख्या, आणि पुढे दुसऱ्या महिन्यात, तिसऱ्या महिन्यात, त्यातल्या शंभरांपैकी किती जणांनी पुन्हा घेतलं, ते आकडे. जूनची माणसं अजून दोनच महिन्यांची होती, म्हणून त्यांच्या पुढच्या चौकटी रिकाम्या ठेवल्या. नाहीतर जुन्या ओळींपुढे ती उगाच कच्ची दिसली असती.

तक्त्याने माझंच म्हणणं खोडून काढलं. जाहिरातीच्या ओळी पहिल्या महिन्याला फुगलेल्या आणि तिसऱ्याला विझलेल्या. पहिल्या डब्यावरची सवलत घेतली आणि माणसं गेली. सुभेदारांच्या ओळी सुरुवातीला किरकोळ, पण पाचव्या महिन्यातही जाग्या.

फक्त जाहिरातीची मार्चची ओळ निराळी होती. ती माणसं महिन्यामागून महिने न चुकता डबे मागवत होती.

मालकीणबाईंचं बोट तिथेच थांबलं. "अहो, मार्चमध्ये काय केलंत तुम्ही?"

"जाहिरात जरा... वेगळी होती."

"मग तीच करा की दर महिन्याला! टेबलाचा खर्च तिकडे वळवू."

मार्चमध्ये मी काय केलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. त्या महिन्यात जाहिरात पार आपटली होती. घाबरून मी तिची लिंक औंधच्या सासुरवाडीला, मेढ्याच्या बहिणीला, वाईच्या मेहुण्याला आणि त्यांच्या मार्फत जमतील तेवढ्या पाहुण्यांना पाठवली होती. इतर जवळपास कुणी आलंच नाही, त्यामुळे ती ओळ म्हणजे आमच्या घरच्या लग्नाची निमंत्रण यादी होती. तिथेच बोललो असतो तर बरं झालं असतं. मी पाणी प्यायलो.

"मार्चवाल्यांना विचारूया, एवढं काय आवडलं," असं म्हणून बाईंनी पहिलाच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"हॅलो, कोन हाय?" आवाज औंधचा. माझ्या सासूबाईंचा.

"चटणीच्या कारखान्यातून बोलतेय. तुम्ही दर महिन्याला घेता. चव आवडली ना?"

"चव? आवं बाई, मला तिखट चालतच न्हाई. जावयाची नोकरी टिकावी म्हनून दर म्हैन्याला एकदोन घेतो. अकरा डबं माळ्यावर पडल्यात. तुमी मालकीण का? मग त्यास्नी सांगू नका हां, लय हळवं हायती."

मालकीणबाईंनी फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. रागानं असावेत असं मला आधी वाटलं.

मी सगळं कबूल केलं. नोकरी सोडतो, असंही म्हणालो.

"सोडू नका. सासूबाईंना काय वाटेल!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "घरच्यांचं खातं वेगळं काढा आणि तक्ता परत आणा."

नवा तक्ता आणला तेव्हा जाहिरातीची मार्चची ओळ इतर ओळींइतकीच विझलेली होती. टेबल राहिलं. जाहिरातींचा खर्च निम्मा झाला, आणि दर रविवारी पाचगणीला जाऊन सुभेदारांच्या शेजारी बसायचं काम मला लागलं.

पहिल्याच रविवारी मी त्यांना सांगितलं की तुमचं टेबल मीच बंद करायला निघालो होतो, आणि सासूबाईंच्या माळ्यावरच्या अकरा डब्यांचंही सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता ऐकून घेतलं.

"आनि आता?"

"आता राहणार."

"मग रडताय कशाला गड्या? त्या अकरा डब्यांवरच्या तारखा बघा. चांगल्या असतील तर पुढच्या रविवारी घेऊन या. हितं चाखायलाच रोज दोन डबं जात्यात."

पुढच्या रविवारी आणले. त्यातला पहिला डबा मी माझ्या हाताने उघडला, आणि समोरच्या माणसाचा नंबर वहीत नीट टिपला.