पाहून कळवते

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटासा कारखाना आहे. म्हणजे साहेबांचा आहे, पण कार्यालय मी सांभाळते, त्यामुळे तोंडात ‘आमचा’च येतं. मोटारींचे सुटे भाग बनतात. माझ्याकडे बनतात ती पत्रं, हजेरीपत्रकं आणि मेलना उत्तरं. त्यातली उत्तरं जरा कमीच बनायची.

आमच्याकडे मेल पाठवतात आणि पाठोपाठ फोन करून विचारतात, ‘मेल पाठवलाय, बघितला का?’ बघितला म्हटलं की काम झालं असं दोघांनाही वाटतं. मग महिन्याने कुणीतरी तणतणत येतं आणि मी इनबॉक्समध्ये खाली खाली जात राहते. एकदा सेफ्टी शूजवाल्याने सगळ्यांसमोर ऐकवलं, ‘मॅडम, तुमच्याकडं मेल टाकणं म्हणजे विहिरीत टाकणं.’ मला राग आला. तो खरं बोलत होता म्हणून जास्तच आला.

त्या रविवारी मी डबे घासायचे सोडून कॉम्प्युटरसमोर बसले आणि इंटरनेटवर बघत बघत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. चाळीसेक ओळींची. ती रोज सकाळी सात ते आठच्या दरम्यान आपणहून चालते, इनबॉक्समधलं एकेक संभाषण उघडते आणि दोनच गोष्टी बघते. शेवटचा मेल कुणाचा? आणि त्याला दोन दिवस उलटलेत का? शेवटचा मेल समोरच्याचा असेल आणि दोन दिवस होऊन गेले असतील, तर तो यादीत. शेवटचा मेल माझा असेल, तर उत्तर गेलं असं समजून सोडून द्यायचं. शेवटी सगळी यादी एकाच मेलमध्ये मला: कुणाचा, कशाबद्दल, किती दिवस झाले.

पहिल्या दिवशी यादी इतकी लांब आली की बसमध्ये फोनवर ती सरकवता सरकवता अंगठा दुखला. कधीकाळच्या दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा उत्तराची वाट बघत होत्या. मग फक्त गेल्या तीस दिवसांतलंच बघायचं असं ठरवलं, जाहिरातींचे मेल वगळले, आणि यादी माणसात आली.

नगरहून कंपनीची बस निघते तेव्हा यादी आलेली असायची. सुपा येईपर्यंत मी ती निकालात काढायचे. एखाद्याला खरंच उत्तर लागायचं, एखाद्याला नुसतं ‘मिळालं’ पुरायचं. आणि ज्याला वेळ लागणार, त्याला एक ठरलेलं वाक्य: ‘पाहून कळवते.’ दुसऱ्या दिवशी तो यादीतून गायब! काय सुख होतं ते. महिन्याभरात यादी चार-पाच ओळींवर आली. सेफ्टी शूजवालासुद्धा म्हणाला, ‘मॅडम, सुधारलात.’ बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईंना मी रोज यादी दाखवायचे, नातवाचा फोटो दाखवावा तशी.

एका बुधवारी, अकराच्या सुमाराला, गेटवरून फोन आला. कुणी वडीलधारे गृहस्थ आलेत, तुम्हालाच भेटायचंय म्हणतात. धोतर, टोपी, हातात पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी मुलीचं नाव सांगितलं. आमच्या तपासणी विभागात तीन वर्षं होती ती. दुपारी माझ्याच डब्यातली भाजी खायची आणि स्वतःच्या डब्यातली चटणी मला द्यायची. लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा मी रडले होते.

‘तिला तिकडं एका कंपनीत घेत्यात,’ ते म्हणाले. ‘पन आधीच्या कामाचं पत्र मागत्यात. अनुभवाचं. आज सांजच्या पाचपोतर न्हाई दिलं तर दुसरीला घेनार. तिनं तुमाला मेल टाकल्याला हाय.’

मी म्हटलं, मला नाही आला.

‘आलाय की. तुमी उत्तर बी दिलंय. कळवते म्हनून.’

मी शोधलं. होता. आदल्या आठवड्यातल्या सोमवारचा. खाली स्वच्छ लिहिलं होतं, ‘ताई, पुढच्या बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत पत्र लागेल.’ त्याच्यावर, गुरुवारी सकाळी सात पन्नासला बसमधून गेलेलं माझं उत्तर: ‘पाहून कळवते.’ मी तिचं नावही नीट वाचलं नव्हतं. उत्तर दिलं, यादीतून ओळ गेली आणि तिच्याबरोबर ती पोरगीही गेली.

‘अहो, मग तिने परत विचारायचं ना!’ मी उगाचच त्यांच्यावर आवाज चढवला.

‘मी बी तिला तेच म्हनलं. तर म्हनली, ताई कळवते म्हनल्यात, म्हंजी कळवतील. त्यांना सारखं सारखं विचारलं तर बरं दिसत न्हाई. मंग मीच निघालो सकाळी नेवाशाहून. तिला ठाव न्हाई मी आलोय ते.’

मला इतकी लाज वाटली की पाणी विचारायचंही सुचलं नाही. तीन-तीन मेल टाकणारा सेफ्टी शूजवाला रोज यादीत वर असायचा, आणि माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसलेली पोरगी कुठेच नव्हती.

पत्र दहा मिनिटांत तयार झालं. सही साहेबांची हवी, आणि साहेब ग्राहक कंपनीच्या तपासनिसांना मशीन दाखवत होते. अशा वेळी त्यांच्याजवळ जायचं नसतं. मी गेले.

‘हे आत्ता?’

‘आत्ताच.’

‘मेल करायचा ना मला.’

‘केला असता तर तुम्हीपण पाहून कळवतो म्हणाला असता,’ मी म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मशीनवरच कागद ठेवून सही केली.

पाऊण वाजता स्कॅन करून पाठवलं. वडिलांना चहा पाजला, जबरदस्तीने जेवायला बसवलं. जाताना त्यांनी पिशवीतून सीताफळं काढून टेबलावर ठेवली. नको म्हणायचं तोंड मला नव्हतं.

चार वाजता तिचा मेल आला. ‘ताई, पत्र त्यांना मिळालं. घेतलं मला! बाबांनी फोनवर सगळं सांगितलं. ते असे अचानक आले म्हणून तुम्ही रागावला नाहीत ना?’

मी काही लिहिलं नाही. काय लिहिणार? दुसऱ्या दिवशीही मेल उघडला आणि बंद केला. स्क्रिप्ट मात्र शुक्रवारी रात्री दुरुस्त केली. माझ्या शेवटच्या उत्तरात, खाली चिकटलेला जुना मजकूर सोडून, ‘कळवते’ असेल तर ते उत्तर धरायचं नाही; दोन दिवसांनी परत यादीत आणायचं.

शनिवारी सकाळी यादी लांबलचक आली. माझी महिन्याभरातली सगळी ‘कळवते’ त्यात रांगेने उभी होती. आणि मध्ये एक साधी ओळ: तिचं नाव, विषय अनुभवपत्र, दोन दिवस झाले.

बस कामरगावच्या पुढे गेली होती. मी बाकीचं काही उघडलं नाही. लिहिलं, ‘बाळा, तुझा मेल मी न वाचताच उत्तर दिलं होतं. चूक माझी आहे. रागवायला हवं ते तू, आणि तू रागावत नाहीस हेच मला जास्त लागतं. बाबांना सांग, सीताफळं फार गोड होती.’

पाठवायच्या आधी, त्या महिन्यात पहिल्यांदाच, मी तिचा मेल वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला.