तक्त्याची शेवटची ओळ

मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्राच्या बाईला एरवी कुणी विचारत नाही. विचारलंच तर समजावं, की निर्णय आधीच झालेला आहे आणि आता त्याला आकड्यांचा टिळा लावायचा आहे. जयपुरात इतकी वर्षं काढल्यावर एवढं तरी मला कळायला हवं होतं. तरी त्या हिवाळ्यात अधीक्षकांच्या ऑफिसातून तक्ता मागवला गेला, तेव्हा मी वेड्यासारखी खूश झाले होते. वाटलं, चला, कुणाला तरी मोजून बघावंसं वाटलं.

आमच्या हॉस्पिटलात पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनांसाठी दोन युनिटं होती. त्यातलं एक बंद करून त्याच्या खाटा दुसऱ्याला द्यायच्या होत्या. कुठलं बंद करायचं, ते मृत्यूच्या प्रमाणावरून ठरणार होतं. ज्याच्याकडे जास्त माणसं दगावतात ते बंद, आणि त्याचा प्रमुख ओपीडीत, गाठी-गळवं बघत निवृत्तीची वाट पाहणार.

दुसऱ्या युनिटचे प्रमुख नागपूरचे. आमच्या हॉस्पिटलात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे कँटीनमध्ये गाठ पडली की ते हिंदी बाजूला ठेवून मोकळे व्हायचे. चारचौघांत मी ‘मॅडम’, एरवी ‘ताई’. माणूस तापट होता. थिएटरमध्ये ओरडायचे, नर्सा रडायच्या, आणि त्याच नर्सा घरचं कुणी आजारी पडलं की यांच्याकडेच आणायच्या. ह्यात सगळं आलं.

दोन्ही युनिटांचे वार ठरलेले होते, एकाआड एक. पण ते कागदावर. पहिल्या युनिटच्या दिवशी कुणी आतडं फुटलेला, ब्लडप्रेशर पडलेला पेशंट आला, की त्यांना नेमकं आठवायचं की व्हेंटिलेटर रिकामा नाही. मग नागपूरकरांना फोन. ते विचारायचे, “बीपी कितना है?” आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणायचे, “ऊपर लेके आओ.” त्यांच्या खाटा अशा पेशंटांनी भरून गेल्या, की त्यांच्या स्वतःच्या दिवशी आलेले साधे अपेंडिक्सवाले पहिल्या युनिटकडे जायचे. या देवघेवीला कुणी नाव दिलं नव्हतं की कुणी ती लिहून ठेवली नव्हती. सगळ्यांना माहीत होती, एवढंच.

तक्ता मी केला. खरे आकडे याहून मोठे होते. इथे ते गोल करून देते, म्हणजे वाचणाऱ्याला तोंडी हिशेब करता येईल. समजा, प्रत्येक युनिटचे शंभर पेशंट. पहिल्याकडे चौदा दगावले, दुसऱ्याकडे तेहेतीस. ही शेवटची, बेरजेची ओळ. ऑफिसच्या छापील नमुन्यात तेवढीच एक ओळ होती.

मी ती फोडली. कॅज्युअल्टीत पाऊल ठेवताना ज्याचं ब्लडप्रेशर पडलेलं होतं तो गंभीर, बाकीचे साधे. पहिल्या युनिटकडे साधे नव्वद, त्यातले नऊ गेले, म्हणजे दहा टक्के. गंभीर फक्त दहा, त्यातले पाच गेले, म्हणजे निम्मे. दुसऱ्याकडे साधे वीस, गेला एक, पाच टक्के. गंभीर ऐंशी, गेले बत्तीस, चाळीस टक्के. साध्यांत दुसरं युनिट चांगलं. गंभीरांत दुसरं युनिट चांगलं. आणि दोन्ही मिळवले की दुसरं युनिट वाईट, तेही दुपटीहून जास्त.

हे वर्गात मी दरवर्षी शिकवते. त्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात आणि विसरतात. पण आपल्या ओळखीच्या माणसाची मान त्या ओळीत अडकलेली पाहिली, तेव्हा मी बेरीज तीनदा करून पाहिली.

शास्त्रीनगरातल्या घरी मी तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. लेक कॉलेजातून आली, डोकावून म्हणाली, “आई, मतलब दोन्हीमध्ये अच्छे आणि टोटलमध्ये खराब? ये तो चीटिंग है.”

“चीटिंग कुणीच केलेलं नाही, तेच तर दुखणं आहे,” मी म्हटलं. “आंघोळीच्या दोन बादल्या घे. एकीत नव्वद मग गार पाणी आणि दहा मग कढत. दुसरीत वीस मग गार आणि ऐंशी कढत. आता दुसरीतलं गार पाणी पहिलीतल्या गारपेक्षा जास्त गार आहे, आणि दुसरीतलं कढत पहिलीतल्या कढतपेक्षा थोडं कमी कढत आहे. हात घातलास तर कुठली बादली जास्त गरम लागेल?”

“दुसरी.”

“का?”

“कढत मग ज्यादा आहेत ना.” तिनं कागदाकडे परत पाहिलं. “ओह. मग टोटल बघायचंच कशाला?”

मग मी तिला शेवटचा हिशेब करायला लावला. दुसऱ्या युनिटचेच पेशंट, वीस साधे आणि ऐंशी गंभीर, पहिल्या युनिटकडे गेले असते तर? साध्यांतले दोन, गंभीरांतले चाळीस. बेचाळीस. नागपूरकरांकडे गेले तेहेतीस. “नऊ माणसं जास्त,” लेक म्हणाली आणि तिनं कागद माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या पोरीला इतक्या सहज कळलं, तर निर्णय घेणाऱ्या समितीतल्या सात विद्वानांना का कळणार नाही?

नाही कळलं. किंवा कळलं आणि चाललं नाही, ते देव जाणे.

मीटिंगमध्ये मी दोन्ही तक्ते दाखवले. अधीक्षकांनी चष्मा लावून पाहिले आणि विचारलं, “मैडम, टोटल सही है या ग़लत?” मी म्हटलं, सही है. “तो बस.” मी म्हटलं, टोटल बरोबर आहे, पण या टोटलवरून कुठलं युनिट चांगलं ते ठरत नाही, पहिल्याची सरासरी त्याच्या साध्या पेशंटांकडे झुकलेली आहे, दुसऱ्याची गंभीरांकडे, कारण भरणाच तसा आहे. मग माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, मी बादलीसुद्धा सांगितली. टेबलाभोवती हसू फुटलं. “हम यहाँ नहाने-धोने की बात नहीं कर रहे, मैडम.”

एकानं योग्य प्रश्न विचारला, तो माणूस मला अजून आवडतो. “गंभीर कौन तय करता है? सर्जन ख़ुद? फिर तो सबको गंभीर लिख दे.” मी सांगितलं, कॅज्युअल्टीचा डॉक्टर, पेशंट सर्जनच्या हातात जाण्याआधी. त्यानं मान हलवली आणि चहाचा कप पुढे ओढला. तो बोलला असता तर! पण शहाणी माणसं मीटिंगमध्ये मान हलवतात आणि चहा पितात.

आणि मग माझाच एक जुना विद्यार्थी, आता पहिल्या युनिटात साहाय्यक झालेला, उभा राहिला. त्यानं बेरजेच्या ओळीवर चाचणी लावून आणली होती. “मैम, पी-वैल्यू तो देखिए. आपने ही पढ़ाया था.” पी-व्हॅल्यू खरंच इवलीशी होती. हा फरक नुसत्या योगायोगानं पडण्यासारखा नाही, एवढं ती सांगते. फरक सर्जनमुळे आहे की आलेल्या पेशंटांमुळे, ते ती सांगत नाही. हेही मीच शिकवलं होतं, त्याच तासाला. तो पोरगा उत्तम मार्कांनी पास झाला होता. माझं पंचवीस वर्षांचं शिकवणं पाण्यात गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

ठराव असा झाला, की दुसऱ्या युनिटला एक वर्ष द्यावं. वर्षभरात प्रमाण पहिल्याच्या बरोबरीला आणलं नाही तर बंद. सगळ्यांना आपण फार उदार झालो असं वाटलं.

नागपूरकर कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसले. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“ताई, तुम्ही लई डोकं लावलं. मी बाहेरून ऐकून राहिलो होतो.”

“काही उपयोग झाला नाही, डॉक्टर.”

“झाला ना बाप्पा. तुमचा तक्ता मले समजला.” बशीतला चहा त्यांनी संपवला. “माझं ऑपरेशन सुधारून हा आकडा खाली येत नाही. ते तर आधीच चांगलं आहे म्हणता तुम्ही. मग आकडा खाली आणायचा एकच रस्ता उरते. नाही का?”

मी समजले. त्यांच्या युनिटात सहा रेसिडेंट शिकत होते, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या नर्सा होत्या, ते सगळं मोडायला निघालं होतं. मी त्यांना ‘असं करू नका’ म्हटलं असतं तर कुठल्या तोंडानं?

पुढच्या हिवाळ्यात तक्ता पुन्हा माझ्याकडे आला. मी तो फोडला, आता फक्त माझ्यासाठी. दुसऱ्या युनिटचे साध्यांत पाच टक्के, गंभीरांत चाळीस, होतं तेच. त्यांचा हात तसूभर बदलला नव्हता. फक्त शंभरात गंभीर आता दहाच होते. बेरजेची ओळ साडेआठवर आली होती.

नागपूरकरांचा सत्कार झाला. इकडच्या रिवाजाप्रमाणे अधीक्षकांनी त्यांना साफा बांधला, गुणवत्ता सुधारणेबद्दल दोन शब्द बोलले, टाळ्या झाल्या. माझा तो विद्यार्थी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. लहरियाच्या, तिरप्या रंगीत पट्ट्यांच्या त्या साफ्यात ते कुणाच्या तरी लग्नात चुकून आल्यासारखे दिसत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कॅज्युअल्टीतून होता, रेसिडेंटचा आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता. आमेरच्या पलीकडच्या गावातला शेतमजूर, पोट फुगलेलं, बायको बरोबर आहे. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, “बीपी कितना है?”

त्यांनी उत्तर ऐकलं. समोर पहिल्या युनिटचे प्रमुख सामोसा खात होते. यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बोलो, बेड ख़ाली नहीं है. कहीं और ले जाएँ.”

त्यांनी फोन खिशात ठेवला. मग माझ्याकडे न वळता हळूच म्हणाले, “ताई, हा तुमच्या तक्त्यात येणार नाही.”

त्यांच्या हाताखाली असे दहा आले तर सहा घरी चालत जातात, हे त्या अख्ख्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच आठवत होतं. खाली त्या बाईला कुणी तरी ‘कहीं और’ म्हणजे कुठे ते सांगत असेल.