पंगतीच्या टोकाची बाई

आमच्या घरात माझ्या कामाचं नाव 'उजेड टाकणं' असं आहे. ते आईने ठेवलं. सिनेमा कापून-जोडून झाला की त्याच्या रंगांवरून आणि उजेड-सावलीवरून शेवटचा हात फिरवायचा, त्याला ग्रेडिंग म्हणतात, हे मी तिला कितीदा तरी समजावलंय. पण मल्लेश्वरमच्या बाजारात कुणी विचारलं की ती आपली भाजी निवडता निवडता सांगणार, "आमची मुलगी सिनेमात उजेड टाकते, अक्का." आणि भाजीवालीही मान डोलावणार.

माझं कुठलंही काम आईबरोबर बघायचं म्हणजे एक खेळच असायचा. चांगलं गुंगून बघत असायची आणि मध्येच माझ्या मांडीवर चापट मारायची. "थांब, थांब! इथे तू उजेड टाकलास!" दर वेळी बरोबर. गर्दीतल्या एका माणसाकडे बघणाऱ्याची नजर जावी म्हणून त्याच्याभोवती मऊ कडांचा एक गोल आखायचा आणि त्याच्या आतलं चित्र जरासं उजळायचं, तो मास्क. चौकटीच्या कडा हलकेच काळोखवायच्या, ते व्हिन्येट. आईला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता, पण माझा हात तिला ओळखू यायचा. मी फुगून जायचे. आईला कळतं म्हणजे काम बोलतंय, असं मला वाटायचं.

कोरमंगलातल्या आमच्या स्टुडिओत ग्रेडिंग करणारी मी एकटीच होते. मग ती आली. पुण्याची, माझ्यापेक्षा वयाने लहान, केस कापलेले, आवाज एवढासा. आल्या दिवशी मालकांनी तिला माझ्यासमोर उभं करून म्हटलं, "दोघी मराठी! आता बरं झालं तुम्हाला." काय बरं झालं? मला मराठी बोलायला कुणी नव्हतं म्हणून मी काय वाळत होते? ती हसून म्हणाली, "ताई, मला खूप शिकायचंय तुमच्याकडून." ते 'ताई' माझ्या अंगाला असं चिकटलं की घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटली.

आणि तिचं काम चांगलं होतं. हेच तर दुखणं. वाईट असतं तर मी तिला डब्यातली चटणीसुद्धा दिली असती, सांभाळून घेतलं असतं, कौतुकाने चार गोष्टी सांगितल्या असत्या. तिच्या जाहिराती बघताना मी चूक शोधत बसायचे आणि चूक सापडायची नाही. मग माझं डोकं उठायचं.

त्याच सुमारास माझ्या दिग्दर्शकाचा पहिला मोठा सिनेमा आला. 'माझ्या' म्हणते, कारण त्याच्या सगळ्या छोट्या फिल्मचे रंग मी केले होते, तेही त्याच्याकडे स्टुडिओला द्यायला पैसे नव्हते तेव्हापासून. तो कानडी, मला अक्का म्हणतो. हा सिनेमा माझाच, हे मी गृहीत धरलं होतं. आईने तर गल्लीभर सांगूनही टाकलं होतं. एके सकाळी तो माझ्या खोलीत आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "अक्का, निर्मात्या मॅडमना त्या नव्या मुलीचं कामही बघायचंय. एकच शॉट दोघींनी करा. नुसती फॉर्मॅलिटी. बेजार माडकोबेडी."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र मी 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं.

शॉट असा होता. लग्नाची पंगत बसलीय. मुलीचं लग्न आईच्या मनाविरुद्ध ठरलंय आणि ती कुणालाच काही बोललेली नाही. मागे नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतायत, त्यांच्यावर लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा लख्ख दिवा. मध्ये पांढऱ्या शर्टातले पाहुणे, वाढप्याची चकचकीत स्टीलची बादली. आणि पंगतीच्या टोकाला, खिडकीजवळ, नवरीची आई. कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो. संवाद एकही नाही. दिग्दर्शकाने दोघींना एवढंच सांगितलं की लोकांनी या बाईकडे बघायला हवं.

हे तर माझ्या डाव्या हातचं काम. बाईच्या चेहऱ्याभोवती मी लंबगोल मास्क आखला, कडा छान मऊ केल्या, कॅमेरा सरकतो तसा मास्कही तिच्या चेहऱ्याबरोबर सरकेल असा त्याला बांधला. आतला उजेड वाढवला, किंचित उबदार केला. मग चौफेर सारखं व्हिन्येट. नवरा-नवरीही दबले, बादलीही दबली, सगळ्या कडा शांत झाल्या. बाईचा चेहरा तर असा उमलून आला की मलाच माझं कौतुक वाटलं. दुपारच्या जेवणाआधी मी मोकळी.

चहाला जाताना काचेतून तिची खोली दिसली. बाईसाहेब हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. शॉट सुरू व्हायचा, संपायचा, परत सुरू व्हायचा. बटणाला हात म्हणून लावत नव्हती. घ्या, अडली बिचारी, असं मनात आलं आणि त्या दिवशीचा चहा मला फार गोड लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं माझ्या खोलीत जमलो: दिग्दर्शक, निर्मात्या मॅडम, ती आणि मी. मॅडमनी हा शॉट आधी पाहिलेला नव्हता. दिवे मालवले. आधी माझा शॉट लागला. मॅडम लगेच म्हणाल्या, "चन्नागिदे! काय सुंदर लायटिंग केलंय तुम्ही." दिग्दर्शकाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे बघा, मी म्हटलं नव्हतं? मी विनयाने मान खाली घातली. मनात मात्र लेझीम चाललं होतं.

मग तिचा शॉट लागला. शॉट संपत आला तशा मॅडम खुर्चीतून पुढे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ऊटा याके माडलिल्ला?"

ती जेवली का नाही?

मी पडद्याकडे बघितलं. बाईच्या पानावर भात तसाच होता. त्यावरचं सारू सुकत आलेलं. बोटं पानाच्या कडेला टेकलेली, कोरडी. पंगत उठायची वेळ झाली आणि हिने एक घास घेतलेला नाही. हे सगळं त्या शॉटमध्ये पहिल्यापासून होतं. माझ्याही शॉटमध्ये होतंच की. पण पान होतं चौकटीच्या खालच्या कडेला, आणि खालची कड मी व्हिन्येटने काळोखात घातली होती. बाईचा चेहरा मी असा उजळला होता, की तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचं कारणच अंधारात गेलं.

"उघडून दाखव," मी तिला म्हटलं. आवाज माझा मलाच खरखरीत लागला. तिने एकेक थर बंद-चालू करून दाखवला. आधी तिने त्या बाईला हातच लावला नव्हता. मागच्या दिव्याची लकाकी उतरवली होती, बादलीची चमक मारली होती, पांढरे शर्ट दबवले होते. नजर जिथे जिथे अडकेल ते सगळं आधी गप्प केलं होतं. मग मास्क, पण गोल नाही. चेहऱ्यापासून खांद्यावरून हातापर्यंत आणि हातावरून पानापर्यंत उतरणारा, लांबट, वेडावाकडा. कडा इतक्या पसरलेल्या की मास्क कुठे संपला हे ती बोट ठेवून दाखवत होती तरी मला दिसेना. आतला उजेड वाढवला होता अगदी स्वल्प. व्हिन्येटही चौफेर नाही, खिडकीच्या उलट्या बाजूला जास्त. त्यामुळे उजेड खिडकीतूनच येतोय आणि आत जाता जाता विझतोय असं वाटत होतं.

"ताई, चेहरा तुमचा जास्त छान आलाय पण," ती म्हणाली. "खरंच."

ती टोमणा मारत असती तर मी कच्चं खाल्लं असतं तिला. पण तिला मनापासून तसं वाटत होतं, आणि ते मला मिरच्यांसारखं झोंबलं. त्या खोलीत तिचं काम किती भारी आहे हे पूर्णपणे कळणारी मी एकटीच होते. मॅडमना फक्त ती बाई दिसली होती. जळायचं असेल तर जाणत्याने जळावं, तसं मी जळले.

सिनेमा तिला मिळाला. दिग्दर्शक मला खाली कॉफीला घेऊन गेला, बाय-टू, म्हणजे एकीचे दोन पेले, मागवली, आणि पेल्यातली साखर ढवळत बसला. "पुढचा तुमचाच, अक्का," म्हणाला. मी त्याला म्हटलं की साखर केव्हाच विरघळली, आता पी. मग महिनोन्‌महिने ती काचेपलीकडे तो सिनेमा करत होती आणि मी मालिकांच्या झलका करत होते. तिच्या खोलीवरून जाताना मी मुद्दाम फोनमध्ये बघत जायचे.

सिनेमा लागला तेव्हा आई हट्टाला पेटली. "तुझ्या ऑफिसातला ना? मग बघायला नको?" हे माझं काम नाही, हे मी तिला घरीच सांगितलं, तिकीट काढताना सांगितलं, आत बसल्यावर परत सांगितलं. मी गेले ती चूक शोधायला. मोठ्या पडद्यावर काही लपत नाही. पंगतीच्या शॉटमध्ये कॅमेरा सरकताना मास्क खांद्यावरून घसरतो का, मागच्या भिंतीवर उजळ कड दिसते का, तेच बघायचं असं ठरवून मी त्या बाईच्या खांद्यावर नजर रोवून बसले.

पंगत आली. कॅमेरा सरकायला लागला. आईने माझा हात घट्ट धरला. "अय्यो," ती पडद्यावरच्या बाईला म्हणाली, "एक घास तरी घे गं." पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शॉट संपला आणि मग माझ्या लक्षात आलं की खांदा बघायचा राहिला. मीही पानच बघत होते.

सबंध सिनेमाभर आईने एकदाही माझ्या मांडीवर चापट मारली नाही.

परतताना रिक्षात मला राहवेना. "आई," मी विचारलं, "या सिनेमात उजेड कुठे कुठे टाकलाय, सांग बरं." आईने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. मग गोंधळून माझ्याकडे वळली.

"यात कुठे टाकलाय? तूच म्हणालीस ना, हे तुझं काम नाही म्हणून. यात कुणी टाकलाच नाही."

माझी इतकी वर्षं, इतके मास्क, आणि प्रत्येकात मी आईला सापडले होते.

"हो," मी म्हटलं, "नाही टाकला कुणी."

आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नसते. ती जिची आहे तिला मी अजून सांगितलेली नाही. रोज सकाळी काचेपलीकडून ती हात हलवते, 'ताई' म्हणते. नाही सांगणार, जा.